ईगल लेकची पातळी चढवून वाचवलेला बांध : मिसिसिपी नदी, 2011

2011 च्या एप्रिल अखेरीस, मिसिसिपी नदीचा पूर विक्सबर्ग शहराकडे सरकत असताना, अमेरिकेच्या लष्करी अभियंता दलाने शहराच्या उत्तरेला असलेल्या ईगल लेक या तळ्याची पातळी मुद्दाम वाढवायला सुरुवात केली. हे तळे नदीच्या मुख्य बांधाच्या आत, म्हणजे ज्या बाजूचे रक्षण करायचे त्याच बाजूला आहे. त्याच्या काठावर घरे आहेत, होड्या बांधायचे लाकडी धक्के आहेत. एरवी समुद्रसपाटीपासून साधारण 77 फुटांच्या आसपास असणारी तळ्याची पातळी 90 फुटांपर्यंत नेण्यात आली, म्हणजे 13 फुटांची भर घातली गेली. बाहेरून नदी चढत असताना आतून पाणी भरायचे, हे ऐकणाऱ्याला उफराटे वाटते. पण त्या वेळी त्या बांधासाठी एवढ्या झटपट करता येण्याजोगा आणि एवढा भरवशाचा दुसरा उपाय माझ्या मते नव्हता, आणि तो का नव्हता हे समजून घेण्यासाठी बांधाच्या वरच्या मातीकडे नव्हे, तर त्याच्या खाली काय आहे तिकडे पाहावे लागते.

ईगल लेक हे मिसिसिपीने सोडून दिलेल्या वळणाचे तळे आहे. नदीने एके काळी तिथे नालेच्या आकाराचे वळण घेतले होते, पुढे तिने ते कापून सरळ वाट धरली आणि वळण मागे राहिले. या खोऱ्यात अशी सोडलेली पात्रे शेकड्यांनी आहेत. बक शूट हेही तळ्याजवळचे, जुन्या प्रवाहाने मागे ठेवलेले सखल अंग आहे आणि मुख्य बांध त्याच्या लगत जातो. अशा जमिनीत वर चिकणमाती आणि गाळ यांचा काही फुटांचा थर असतो आणि त्याखाली शंभर फूट किंवा त्याहूनही खोलपर्यंत वाळू, तळाकडे जाडी वाळू आणि खडी. वरचा थर सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो. जुन्या वळणाच्या आतल्या बाजूला वाळूचे उंचवटे आणि मधले सखल पट्टे आलटूनपालटून येतात, काही पट्ट्यांवर मातीचे आवरण पातळ असते, तर बुजलेल्या पात्रात चिकणमातीचा खोल खुंटा बसलेला असतो. खालून येणारा पाझर अशा खुंट्यापाशी अडतो आणि त्याच्या कडेने, जिथे आवरण पातळ आहे तिथे, वर येऊ पाहतो. बांधाची जागा नकाशावर आखताना ही रचना टाळता येत नाही, कारण सगळे खोरेच तिने भरलेले आहे.

नदीच्या पात्रात ही वाळू उघडी पडलेली असते. त्यामुळे नदी चढली की तिचा दाब वाळूच्या थरात शिरतो, बांधाखालून पलीकडे पोचतो आणि मातीच्या आवरणाला खालून वर रेटतो. बांधाच्या आतल्या पायथ्याशी हा दाब जमिनीच्या पातळीपेक्षा किती फूट जास्त आहे आणि आवरण किती फूट जाड आहे, या दोहोंच्या गुणोत्तरावर पुढचे सारे ठरते. पाण्यात बुडालेल्या मातीचे परिणामी वजन साधारण पाण्याच्या वजनाइतके किंवा त्याहून थोडे कमी भरते, त्यामुळे हे गुणोत्तर 0.8 ते 1 च्या घरात गेले की आवरण उचलले जाते आणि जिथे एखादे झाडाचे मूळ, खेकड्याचे बीळ, जुना खांब काढलेली जागा किंवा नुसतीच भेग असेल तिथून पाणी फुटते. फुटताना ते खालची बारीक वाळू बरोबर आणते. हाच वाळूचा उमाळा, ज्याला तिकडे सँड बॉइल म्हणतात.

उमाळा पाहिला नसेल त्याला तो किरकोळ वाटण्याचा संभव आहे. पायथ्यापासून काही फुटांवर, ओल्या गवतात, वीतभर व्यासाचा गोल खळगा असतो. त्यात पाणी उसळत असते आणि वाळूचे कण रटरटणाऱ्या भातासारखे खालीवर होत असतात. भोवती वाळूचा लहानसा सुळका साचत जातो, मध्ये तोंड असलेला. गस्त घालणाऱ्याने पाहायचे ते पाणी किती येते हे नव्हे, तर ते काय घेऊन येते हे. स्वच्छ पाणी वाहत असेल आणि सुळका वाढत नसेल, तर जागेवर खूण म्हणून झेंडी रोवून, वेळ लिहून, लक्ष ठेवले की पुरते. पूर आला की बांधाच्या आत ओल, डबकी आणि स्वच्छ झरे दिसणारच. हजारो मैलांचा बांध वाळूवर उभा असताना पाझर शून्य असण्याची अपेक्षाच चुकीची आहे. पण पाणी गढूळ असेल, सुळका तासागणिक वाढत असेल, तर जेवढी वाळू बाहेर पडली तेवढीच पोकळी बांधाखाली कुठेतरी तयार झालेली आहे. ही पोकळी उमाळ्यापासून सुरू होते आणि मातीच्या आवरणाच्या तळाला चिकटून, बारीक नळीसारखी, उलट्या दिशेने नदीकडे सरकत जाते. वर चिकणमातीचे छत असल्यामुळे ती ढासळून बुजत नाही. ती नदीपर्यंत पोचली की प्रवाह एकदम वाढतो, नळी रुंदावते आणि वरचा बांध खाली बसतो. बांधावरून पाणी वाहून तो फुटण्यापूर्वी निदान पाणी काठाला लागलेले दिसते. इथे बांधाचा माथा नदीच्या पाण्यापेक्षा कितीतरी फूट वर असतानाही तो जाऊ शकतो.

पूर लांबला की ही गोष्ट का बिघडते, हे यावरून कळेल. वाळूतला दाब नदीच्या मागोमाग बऱ्यापैकी लवकर चढतो, पण वाळू वाहून नेण्याचे काम दिवस आणि आठवडे खाते. चार दिवसांचा पूर नळीला काही फूट पुढे नेऊन सोडतो. चार आठवड्यांचा पूर तिला काम पुरे करायला वेळ देतो. शिवाय पूर ओसरल्यावर ही नळी पूर्ववत होईल असे धरून चालता येत नाही. पुढच्या पुरात त्याच जागी, कदाचित कमी पातळीलाच, उमाळा फुटतो. म्हणूनच एकदा उमाळा फुटलेली जागा नोंदवहीत कायमची राहते. बक शूट अशीच जागा होती. 2011 च्या आधीच तिथला पाझर चिंतेचा ठरला होता आणि अभियंत्यांना ती जागा माहीत होती.

त्या वसंत ऋतूत नदीने काय केले ते थोडक्यात सांगतो. एप्रिलमध्ये ओहायो नदीच्या खालच्या खोऱ्यात आणि मिसिसिपीच्या मधल्या भागात मोठ्या पावसाच्या लाटा एकामागोमाग आल्या, त्यात वरच्या खोऱ्यातील वितळलेल्या बर्फाचे पाणी मिसळले. ओहायोच्या संगमावरील कैरो या गावी नदीने 1937 चा विक्रम मोडला. 2 मेच्या रात्री तिथल्या पलीकडच्या काठावरचा बर्ड्स पॉइंट येथील बांध स्फोटकांनी उडवून पाणी मिसुरीच्या सुमारे 1 लाख 30 हजार एकर शेतजमिनीवर सोडावे लागले. तिथेही, कैरोच्या आतल्या बाजूला मोठे उमाळे फुटत होते, ही त्या निर्णयामागची एक बाब होती. विक्सबर्गला पुराची पातळी 43 फुटांवर सुरू होते. 19 मे रोजी तिथल्या मापकावर 57.1 फुटांची नोंद झाली, 1927 च्या 56.2 फुटांहून वर.

आता बक शूटचा हिशेब. विक्सबर्गच्या मापकाचा शून्य समुद्रसपाटीपासून सुमारे 46 फुटांवर आहे, म्हणजे 57 फुटांच्या पुराला पाण्याची खरी पातळी सुमारे 103 फूट होते. ईगल लेक प्रवाहाच्या वरच्या बाजूला असल्यामुळे तिथे नदी आणखी काही फूट वरच असणार, पण ते सोडून देऊ आणि 103 च धरू. तळे 77 फुटांवर असते तर बांधाच्या दोन बाजूंच्या पाण्यात 26 फुटांचा फरक पडला असता. तळे 90 वर नेल्यावर तो 13 फुटांवर आला. बांध एक इंचही उंच न करता त्याच्यावरचा भार निम्मा झाला, कारण बांधाखालचा पाझर नदीच्या उंचीवर चालत नाही, तो फरकावर चालतो.

याचा आवरणावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी एक नमुन्याचे गणित मांडतो. यातील आवरणाची जाडी आणि टक्केवारी ही बक शूटची मोजमापे नाहीत, अशा जमिनीत सहज आढळणारे आकडे आहेत. आवरण 8 फूट जाड आहे आणि एकूण फरकापैकी 30 टक्के दाब पायथ्याखाली शिल्लक राहतो, असे समजा. 26 फुटांच्या फरकाला आवरणाखाली 7.8 फुटांचा जादा दाब येईल, गुणोत्तर जवळजवळ 0.98, आवरण उचलले जाणार हे नक्की. 13 फुटांच्या फरकाला जादा दाब 3.9 फूट, गुणोत्तर 0.49. नवीन बांधाचे संकल्पन करताना अभियंता दल पायथ्याशी साधारण 0.5 ही मर्यादा धरते, तेव्हा धोक्याच्या पलीकडून आपण मर्यादेच्या आत येतो. आवरण त्याहून पातळ, समजा 5 फूट असते, तर 13 फुटांच्या फरकालाही गुणोत्तर 0.78 राहिले असते आणि उमाळे पूर्णपणे थांबले नसते. तळे भरणे हा सर्व जागांवर सारखाच चालणारा तोडगा नव्हे, हे त्यातून दिसते. तो किती पुरेल हे सर्वांत पातळ आवरण असलेली जागा ठरवते, आणि ती जागा भोके पाडून तपासल्याशिवाय सापडत नाही.

असा उपाय कुणाच्या डोक्यात अचानक आलेला नव्हता, तो उमाळ्यावरच्या नेहमीच्या उपायाचेच मोठे रूप होता. गढूळ उमाळा दिसला की गस्तीचे लोक त्याच्याभोवती वाळूच्या पोत्यांचे कडे रचतात. रचण्याआधी खालचे गवत आणि सैल माती खरवडून काढतात, नाहीतर पोत्यांखालूनच पाणी निसटते. पोती वीटकामासारखी सांधे चुकवून लावतात आणि कड्याचा घेर असा धरतात की भोवतीची भुसभुशीत झालेली जमीनही आत यावी. मग पाणी कड्यात चढू लागते. ते जसजसे चढते तसतसा खालच्या दाबातला आणि वरच्या पाण्यातला फरक कमी होतो, प्रवाह मंदावतो आणि एका उंचीला वाळू येणे थांबते. तिथेच थांबायचे असते. कड्याला एका बाजूने सांडवा ठेवून स्वच्छ पाणी वाहू द्यायचे. सर्वांत घातक चूक म्हणजे उमाळा पोती टाकून दाबून बुजवणे किंवा कडे हवे त्याहून उंच करून प्रवाह पूर्ण बंद करणे. पाणी थांबलेले दिसते, बघणाऱ्याला हायसे वाटते, आणि थोड्या वेळाने काही फुटांवर, कदाचित बांधाच्या अधिक जवळ, नवा उमाळा फुटतो. त्या खालच्या दाबाला वाट हवीच असते. वाट बंद केली तर तो दुसरी शोधतो.

कडे एका उमाळ्यासाठी ठीक आहे. वीस-पंचवीस उमाळे शेजारीशेजारी असतील तर एक लांब मातीचा बंधारा घालून त्यांच्या आत पाणी साठवतात, म्हणजे सगळ्या उमाळ्यांना मिळून एकच मोठे कडे. बक शूटला जमिनीने हे कडे आधीच घडवून ठेवले होते. सखल भाग तळ्याला जोडलेला, तळ्याच्या पाण्याची ये-जा मडी बायू येथील दरवाज्यांच्या बांधकामातून सांभाळली जाणारी. ज्या उंचीचे पोत्यांचे कडे कुणी रचू शकले नसते, ते 13 फूट दरवाज्यांतून पाणी आत घेऊन मिळाले.

रिलीफ विहिरी त्या वेळी का खोदल्या नाहीत, असा प्रश्न येणे साहजिक आहे, कारण बांधाखालच्या दाबावर तोच खरा पक्का उपाय मानला जातो. रिलीफ विहीर म्हणजे बांधाच्या आतल्या पायथ्याशी, आवरण भेदून खालच्या वाळूत खोलवर उतरवलेली जाळीदार नळी. तिच्याभोवती निवडक आकाराच्या बारीक खडीचे गाळण असते. पूर आला की खालचे पाणी स्वतःच्याच दाबाने नळीतून वर येते आणि चरात पडते. पंप लागत नाही. वाळू मात्र गाळणापाशी अडते. उमाळा आणि रिलीफ विहीर यांत पाण्याची वाट तीच, फरक फक्त वाळू बाहेर पडते की नाही हा. विहिरींची रांग असते, दोन विहिरींतील अंतर पन्नास ते तीनशे फुटांच्या दरम्यान कुठेही असू शकते, आणि संकल्पनात कसोटी विहिरीजवळच्या दाबाची लागत नाही, दोन विहिरींच्या नेमक्या मधोमध असलेल्या दाबाची लागते, कारण आवरण फुटायचे तर तिथे फुटणार.

या विहिरींमागचे शास्त्र याच विक्सबर्ग शहरात पक्के झाले. 1927 च्या महापुरानंतर तिथे अभियंता दलाची जलविज्ञान प्रयोगशाळा सुरू झाली, 1937 च्या पुरात बांधांच्या आत उमाळ्यांनी हैराण केल्यावर तिथल्या संशोधकांनी प्रत्यक्ष बांधांखाली दाबमापक नळ्या बसवून मोजण्या घेतल्या, आणि 1950 च्या दशकात त्यावरून आवरण, पायभराव म्हणजे बांधाच्या आतल्या पायथ्याशी घातलेला मातीचा रुंद भराव, आणि विहिरी यांच्या संकल्पनाच्या रीती छापून निघाल्या. तरीही पूर अंगावर असताना विहीर खोदणे ही निराळी गोष्ट आहे. आवरणाखाली आधीच जमिनीपेक्षा कितीतरी फूट जास्त दाब असतो. त्यात यंत्राने भोक पाडायचे म्हणजे आपणच एक उमाळा उघडायचा. जड चिखलाच्या द्रवाने भोक भरून तो दाब तोलावा लागतो, तो तोल चुकला तर भोकातून वाळूसकट पाणी फुटते, आणि तेही बांधाच्या पायाशी. पायथ्याची माती लिबलिबीत झालेली असल्याने अवजड यंत्र तिथे उभे करणे हाही भार आहे. गाळणाची खडी नीट बसली नाही तर विहीरच वाळू ओढू लागते. म्हणून विहिरी पूर नसताना खोदायच्या आणि पुरात फक्त त्यांचे पाणी, स्वच्छता आणि मापकांवरील दाब पाहायचा, असा रिवाज आहे. 2011 नंतर मिसिसिपीच्या बांधांवर अशा दुखऱ्या जागी पायभराव आणि रिलीफ विहिरींची कामे झाली ती याच कारणाने पूर उतरल्यावर.

तळे भरण्याची किंमत मात्र कुणीतरी मोजलीच. ईगल लेकच्या काठावरील मालमत्तांचे, धक्क्यांचे पाण्याने नुकसान झाले, आणि काही मालकांनी केंद्र सरकारवर दावा लावला की आमची मालमत्ता सार्वजनिक कामासाठी वापरली गेली, तेव्हा भरपाई द्या. खालच्या न्यायालयात त्यांच्या बाजूने निकाल लागला. 2020 मध्ये फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने तो फिरवला. न्यायालयापुढील नोंदींनुसार तळे चढवले नसते तर बांध फुटण्याची शक्यता 95 टक्क्यांहून अधिक होती. फुटला असता तर दहा लाखांहून अधिक एकर जमीन आणि हजारो घरे पाण्याखाली गेली असती, आणि दावा करणाऱ्यांच्या मालमत्ताही त्यातच, अधिक खोल पाण्यात, सापडल्या असत्या. ज्या कृतीने नुकसानापेक्षा अधिक लाभ झाला, तिच्याबद्दल भरपाई देय नाही, असे न्यायालयाने ठरवले. कायद्याच्या दृष्टीने तो निकाल योग्य असेल; परंतु मला वाटते की संपूर्ण खोऱ्याचा बांध वाचवण्यासाठी तळ्याकाठच्या मोजक्या घरांवर पाणी चढवले जाते, तेव्हा त्यांच्या दुरुस्तीचा खर्च खोऱ्याने वाटून घेण्याची तरतूद निकालाची वाट न पाहता आधीच असायला हवी होती.

रिलीफ विहिरी हा पक्का उपाय असला, तरी तो एकदा करून विसरण्याचा नाही. विहिरीतून येणारे पाणी आतल्या बाजूलाच जमा होते, किंबहुना विहिरींमुळे एकूण पाझर वाढतोच, त्यामुळे ते उपसून किंवा चरांनी दूर न्यावे लागते. चर तुंबला आणि विहिरीच्या तोंडावर पाणी चढले, तर विहिरीचा उपयोग तेवढ्या फुटांनी कमी होतो. खोऱ्यातल्या भूजलात लोह असते, आणि लोहावर जगणारे जिवाणू जाळीवर आणि गाळणात तांबूस, बुळबुळीत थर धरतात. पूर नसताना विहीर वर्षानुवर्षे स्वस्थ असते आणि बाहेरून पाहणाऱ्याला जाळी बुजते आहे हे कळत नाही. म्हणून ठराविक वर्षांनी प्रत्येक विहीर पंपाने उपसून तपासतात. पाणी जेवढे फूट खाली ओढले त्या प्रत्येक फुटामागे विहीर किती पाणी देते हा आकडा काढतात आणि ती नवीन असतानाच्या आकड्याशी ताडून पाहतात. तो मूळच्या 80 टक्क्यांच्या खाली गेला की रसायनांनी आणि पाण्याच्या झोताने ती साफ करायची, एवढ्याने भागले नाही तर बदलायची.

2019 मध्ये विक्सबर्गला नदी पाच महिन्यांहून अधिक काळ पूरपातळीच्या वर राहिली. अशा पुरात विहीर महिनोन् महिने अखंड वाहते, आणि तिची क्षमता उतरली असेल तर ते पुराच्या मोसमापूर्वीच्या तपासणीत नव्हे, तर दोन विहिरींच्या मधल्या दाबमापकावर दिसते. नदी स्थिर असताना त्या नळीतले पाणी दिवसागणिक चढत असेल, तर गस्तीने पाहायची जागा तीच : त्या दोन विहिरींच्या मधला पायथा, आणि तिथे गवतात येणारे पाणी स्वच्छ आहे की गढूळ.